तवरुमने

सकाळी सहापर्यंत अनुवाद छापखान्यात पोहोचवायचा होता आणि रात्री एक वाजता आजीची चार पत्रे अजून माझ्यासमोर पडून होती. धारवाडहून लग्न होऊन बेळगावच्या शहापुरात आलेली आजी घरात आयुष्यभर मराठी बोलली, पण आईला मात्र कन्नडमध्येच लिहीत राहिली. पणजी गेल्यावर परत आलेला तो गठ्ठा, आजीही गेल्यानंतर, तिच्या ट्रंकेत इरकली लुगड्याखाली मला सापडला.

नोव्हेंबर १९५६च्या पत्रात तिने लिहिले होते, "मुंबई राज्यातून आपण म्हैसूर राज्यात गेलो म्हणतात. राज्य बदलले, पण तवरुमनेची वाट तेवढीच लांब राहिली." 'तवरुमने' म्हणजे माहेर, हे इथल्या कोणत्याही मराठी माणसाला ठाऊक असते. तरीही त्या शब्दावर शाई फुटलेली होती, पाण्याचा थेंब पडावा तशी, आणि 'माहेर' लिहून मी तो तीनदा खोडला. शेवटी तिचाच शब्द ठेवला. तिने तो मराठी घरात बसून लिहिला होता, तेव्हा मराठी पानावर तो परका नव्हता.

उरलेली पत्रे भराभर झाली. पाच चाळीसला शेवटची ओळ आली, "इंती निन्न मगळु." 'तुझीच मुलगी' असे लिहिले, फाईल पाठवली आणि पत्रे पुन्हा त्या लुगड्याच्या घडीत ठेवली.