विषय: जुलै–सप्टेंबरचं हुकलेलं टार्गेट आणि पुढच्या तीन महिन्यांचं काम

सर्वांना नमस्कार,

तिमाहीचे अंतिम आकडे काल रात्री पक्के झाले. आपल्या गोदाम सिस्टीमच्या 1,200 लायसन्सचं टार्गेट होतं, आपण 740 वर थांबलो, म्हणजे जवळपास 62 टक्के. मॅनेजमेंटकडून अधिकृत मेल येईलच, पण त्याआधी तुम्हाला हे माझ्याकडून कळावं आणि कारणांसकट कळावं, म्हणून सकाळी पहिलं काम हेच करते आहे.

हे टार्गेट माझ्या निर्णयांमुळे हुकलं. टीम कामात कमी पडली, असं मी कुठेही म्हटलेलं नाही आणि कोणी म्हटलं तर ते मान्यही करणार नाही. कालच्या रिव्ह्यूमध्ये मी हेच सांगितलं. तिथे कोणाचंही नाव घेतलं नाही, कारण घेण्यासारखं नव्हतं.

नेमकं काय चुकलं ते सविस्तर लिहिते. जुलैच्या सुरुवातीला मी 1,200 पैकी 420 लायसन्स तीन मोठ्या क्लायंटवर टाकली. हॉस्पिटल ग्रुपची 190, केमिकल कंपनीची 130 आणि ट्रान्सपोर्ट कंपनीची 100. उरलेली 780 छोट्या आणि मध्यम गोदामांकडून यायची होती. या तीन डील्ससाठी मी निम्मी टीम तिकडे वळवली. ओंकार आणि फरहान यांच्याकडचे छोटे क्लायंट काढून घेतले आणि ते तेजस आणि स्नेहाच्या आधीच भरलेल्या यादीत घातले. तेव्हाच स्नेहाने विचारलं होतं की नव्या चौकशांना उत्तर कोण देणार. मी म्हटलं, दोन-तीन आठवड्यांचाच प्रश्न आहे, निभावून घेऊ. प्रत्यक्षात ते सप्टेंबर संपेपर्यंत चाललं. मध्ये थांबून फेरविचार करायला हवा होता, तो मी केला नाही.

हॉस्पिटल ग्रुपचं उदाहरण घेते, कारण त्यात माझी चूक सगळ्यात स्पष्ट दिसते. आपण त्यांच्या स्टोअर विभागाला आणि आयटीला डेमोवर डेमो दिले. त्यांना सिस्टीम आवडली, एक्स्पायरी जवळ आलेला माल वेगळा दाखवणारी स्क्रीन तर त्यांनी पुन्हा पुन्हा उघडायला लावली. आम्ही खूश होतो. पण सही ज्यांची लागते त्या खरेदी प्रमुखांनी आपल्या प्रॉडक्टचं नाव पहिल्यांदा ऐकलं ते सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात. त्यांनी 140 प्रश्नांची डेटा सुरक्षेची प्रश्नावली पाठवली आणि प्रस्ताव खरेदी समितीपुढे जाईल असं कळवलं. समितीची पुढची बैठक ऑक्टोबरच्या अखेरीस आहे. म्हणजे हे डील या तिमाहीत होणं शक्यच नव्हतं. मृणालने जुलैतच ट्रॅकरवर नोंद केली होती: ‘समिती कधी बसते ते अजून विचारलेलं नाही.’ मी ती वाचली होती. आधी गरज पटवू, कागदपत्रं नंतर बघू, असं मीच तिला सांगितलं. केमिकल कंपनीचं डीलही बजेटच्या मंजुरीसाठी असंच अडकलं. ट्रान्सपोर्ट कंपनीचं झालं, पूर्ण 100 चं झालं, आणि ते ज्या चिकाटीने ओंकारने पूर्णत्वाला नेलं त्याची दखल मी मॅनेजमेंटपुढे घेतली आहे आणि इथेही घेते.

तुटवडा 460 चा आहे. त्यातली 320 या दोन अडकलेल्या डील्सची. लोक त्यांच्याबद्दलच बोलतील, कारण ती डोळ्यांत भरतात. मला मात्र उरलेली 140 जास्त लागली आहेत. ती छोट्या गोदामांची होती आणि आपल्या हातातली होती. जूनपर्यंत आपण नवीन चौकशीला त्याच दिवशी फोन करत होतो. ऑगस्टमध्ये तीन ते चार दिवस लागायला लागले. तेजसने हुकलेल्या लीड्सवर शेरे लिहिले आहेत, ते मी परवा एका बैठकीत सगळे वाचले. एका वितरकाच्या गोदामात स्टॉकचा ताळमेळ बसत नव्हता, ऑडिट तोंडावर होतं आणि त्यांना ताबडतोब माणूस हवा होता. त्यांचं उत्तर शेऱ्यात आहे: ‘तुमच्या फोनची वाट पाहिली, मग दुसऱ्यांकडून घेतलं.’ किंमत किंवा प्रॉडक्ट यांवरून त्यांची काहीच तक्रार नव्हती. आपण फोन केला नाही, एवढंच. अशा वेळी फोन करणारा माणूस मोकळा ठेवणं हे माझं काम होतं.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण तिचा त्रास पुढच्या महिन्यात होणार आहे. शेवटच्या दहा दिवसांत मी जवळपास मागेल त्याला डिस्काउंट मंजूर केला. त्यातून आलेली 70 लायसन्स अशा क्लायंटची आहेत, जे ऑक्टोबरमध्ये पूर्ण किमतीला घेणारच होते. म्हणजे 740 हा आकडाही दिसतो तितका भक्कम नाही आणि ऑक्टोबरची सुरुवात नेहमीपेक्षा रिकामी असेल. पहिल्या दोन आठवड्यांत आकडे हलले नाहीत तर घाबरू नका, त्याचं कारण हे आहे. शिवाय ऑगस्टच्या अखेरीस मी वर 1,100 चा फोरकास्ट दिला होता. तो आकडा आशेवर उभा होता. मॅनेजमेंटला त्याच वेळी खरी स्थिती सांगितली असती तर मदत मागता आली असती.

आता पुढचं. ऑक्टोबर–डिसेंबरचं टार्गेट 950 ठरलं आहे. मागचा तुटवडा त्यात जोडला जाऊ नये असा आग्रह मी धरला आणि तो मान्य झाला. 950 पैकी 800 छोट्या आणि मध्यम गोदामांकडून, आणि मोठ्या क्लायंटकडून फक्त 150. डिसेंबरच्या शेवटच्या पंधरवड्यात सही करणारी माणसं सुट्टीवर असतात, हे आपण दरवर्षी पाहतो. म्हणून हातात तीन महिने न धरता दहा-अकरा आठवडेच धरा.

सगळ्यात आधी चौकशी. कामाच्या वेळेत आलेल्या प्रत्येक चौकशीला त्याच दिवशी फोन जाईल, आणि ही जबाबदारी स्नेहा आणि फरहान यांच्याकडे असेल. त्यांना या कामावरून मी दुसरीकडे वळवणार नाही. वरून तातडीचं काही आलं तर ते आधी मी अंगावर घेईन. त्यांच्यापैकी कोणी रजेवर असेल त्या दिवशी चौकशीचे फोन मी स्वतः करीन.

दुसरं काम आहे नव्या क्लायंटचे पहिले तीस दिवस. करार झाला की आपण हात झटकून पुढच्या लीडकडे वळतो, आणि तिकडे बारकोड स्कॅनर खोक्यात पडून राहतात, गोदामातली माणसं वहीतच नोंदी करत राहतात. मग रिन्यूअलच्या वेळी ‘वापरच होत नाही’ हे ऐकावं लागतं. तेजस, हे काम तुला दिलं आहे, कारण गोदामात दोन तास उभं राहून माणसांना हाताला धरून शिकवण्याचा तुझ्याइतका धीर आपल्यात कोणाकडे नाही. पहिल्या महिन्यात रोजच्या आवक-जावक नोंदी सिस्टीममध्ये होत आहेत का, एवढंच बघायचं. बाकी फीचर्स नंतर. तुझ्या जुन्या लीड्स मी येत्या आठवड्यात वाटून देते.

मोठे क्लायंट मृणाल आणि ओंकारकडे राहतील, पण एका वेळी दोनच. सध्या ते दोन म्हणजे हॉस्पिटल ग्रुप आणि केमिकल कंपनी. सुरक्षेची प्रश्नावली आपल्या टेक्निकल टीमबरोबर बसून पूर्ण करायची आहे; त्यांच्या वेळेसाठी मी बोलले आहे, या आठवड्यात दोन दुपारी मिळाल्या आहेत.

फोरकास्टचा नियमही बदलते आहे. ज्याची सही लागते त्या माणसाशी आपलं बोलणं झालं असेल आणि तारीख त्यांनी स्वतः दिली असेल, तरच ते डील फोरकास्टमध्ये धरायचं. ‘बहुतेक होईल’ असलेली डील्स वेगळ्या रकान्यात जातील आणि ती मी वर दाखवणार नाही. त्यामुळे आपला फोरकास्ट काही आठवडे लहान दिसेल. त्याबद्दल वरून विचारणा झाली तर उत्तर मी देईन, तुम्ही आकडा फुगवू नका.

काही गोष्टी आजपासून बंद. शुक्रवारचा दीड तासाचा रिव्ह्यू बंद, त्यासाठीची प्रेझेंटेशन्सही बंद. तीन ट्रॅकरऐवजी एकच राहील, मृणालचा, कारण त्यातल्या नोंदीच खऱ्या उपयोगी ठरल्या. शुक्रवारच्या रिव्ह्यूऐवजी सोमवारी सकाळी अर्धा तास भेटू. कोणतं डील कशामुळे अडलं आहे आणि ते सोडवायला कोण हवं, एवढंच बोलू. डिस्काउंट तिमाहीच्या कोणत्याही आठवड्यात एकाच मर्यादेत मिळेल. ती मर्यादा मी उद्या लिखित पाठवते, आणि शेवटच्या आठवड्यात मीच ती मोडायला निघाले तर मला अडवा.

इन्सेंटिव्हबद्दल तुमच्या मनात प्रश्न असणार, म्हणून सरळ लिहिते. टीमचं काम 75 टक्क्यांच्या खाली गेलं की त्या तिमाहीचा व्हेरिएबल मिळत नाही, असा नियम आहे. म्हणजे आजच्या घडीला तो मिळत नाही. ज्यांनी जूनमध्ये ठरलेल्या स्वतःच्या यादीवर काम पूर्ण केलं, त्यांचा विचार वेगळा व्हावा अशी लेखी विनंती मी केली आहे. 15 ऑक्टोबरपर्यंत उत्तर येईल. ते काय असेल हे मला माहीत नाही आणि मी आश्वासन देत नाही. वार्षिक मूल्यमापनात मात्र प्रत्येकाच्या नोंदीत मी लिहिणार आहे की जुलैमधला कामाचा बदल माझ्या निर्णयाने झाला. तो मजकूर जमा करण्यापूर्वी तुम्हाला वाचायला देईन.

या आठवड्यात मी प्रत्येकाशी अर्धा तास स्वतंत्र बोलणार आहे. आकड्यांबद्दल बोलायचं नाही. तुमच्या यादीतलं काय काढून टाकावं आणि माझ्याकडून काय हवं, ते ऐकायचं आहे. जुलैत स्नेहाने आणि मृणालने जे बोलून दाखवलं होतं, ते मी तेव्हा बाजूला सारलं. त्या दोघींची मी माफी मागते. या मेलमधलं काही पटलं नसेल तर उत्तर सगळ्यांना पाठवलंत तरी चालेल.

वेळेसाठी कॅलेंडरमध्ये जागा मोकळ्या करून ठेवल्या आहेत, आज संध्याकाळपर्यंत आपापली निवडा. सोमवारी साडेदहाला पहिली बैठक. येताना आपल्या यादीतलं सर्वात जास्त अडलेलं एक डील घेऊन या.

वैशाली