विज्ञान दिन क्विझ: बझर राउंडपासून पुढचं स्क्रिप्ट आणि स्कोअरशीट

(सरळ प्रश्नांचा राउंड संपला की माइक घेऊन)

मुलांनो, आता बझर. नीट ऐका हं, मी पुन्हा सांगणार नाही. बरोबर आलं की १०, चुकलं की ५ वजा, आणि बझर दाबला की मी वाचायचं तिथेच थांबवणार, ५ सेकंदात उत्तर द्यायचं. चुकलात तर बाकीच्यांना पूर्ण प्रश्न वाचून दाखवणार. सगळ्यात आधी कुणाचा लाइट लागला ते टेबलाजवळच्या बाई सांगतील, त्यांचा शब्द शेवटचा. प्रेक्षकांनी उत्तर ओरडलं की प्रश्न रद्द.

१. रामन यांना नोबेल १९३० साली मिळालं, पण ज्या शोधासाठी मिळालं तो जाहीर झाला कधी?
२८ फेब्रुवारी १९२८. (घाईत १९३० येणारच, ते चूक धरायचं)

२. नारायणगावजवळच्या खोडदची दुर्बीण आकाशातल्या कुठल्या लहरी पकडते?
रेडिओ लहरी. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत तिथे.

३. पातळेश्वरची लेणी कुठल्या खडकात कोरलीयेत?
बेसाल्ट. "काळा दगड" म्हटलं तर एकदाच विचारायचं, नाव काय?

४. हळदीच्या डागाला साबण लावला की तो लाल का होतो?
साबण अल्कधर्मी असतो म्हणून. नुसतं "रिअ‍ॅक्शन होते" चालणार नाही.

५. पुण्यात उघड्या पातेल्यात पाणी बरोबर १०० अंशाला उकळतं का, आणि कारण काय?
नाही, साधारण ९८ ला. आपण समुद्रापासून ५६० मीटर वर आहोत, हवेचा दाब कमी, म्हणून लवकर उकळतं. कारण सांगितलं तरच १०. इथे घाई करायची नाही, कुकरमध्ये उलटं होतं, दाब वाढतो आणि डाळ पटकन शिजते, हे मुलांना सांगूनच पुढे जायचं, माझ्या मते अख्ख्या क्विझमधला हाच सगळ्यात चांगला प्रश्न आहे.

टाय झाला तर

फक्त बरोबरीतल्या टीम, मायनस नाही, तीन प्रश्नांत जास्त बरोबर तो जिंकला.
चुन्याची निवळी कुठल्या वायूने दुधाळ होते? कार्बन डायऑक्साइड.
सगळ्यात हलकं मूलद्रव्य? हायड्रोजन.
शरीरातला सगळ्यात मोठा अवयव? त्वचा.

तरीही टाय? पाटीवर आकडा लिहा: सूर्याचा प्रकाश पृथ्वीवर यायला किती सेकंद लागतात? साधारण ५००. जवळचा आकडा जिंकला.

स्कोअरशीट

हे कालच्या तालमीचे आकडे, वेगळ्या प्रश्नांवर दहावीच्या मुलांनी खेळून दिले. उद्या असंच भरायचं, पेनने, खाडाखोड झाली तर शेजारी सही.

| टीम | सरळ | बझर बरोबर | बझर चूक | एकूण |
|---|---|---|---|---|
| मुळा | २० | २ (+२०) | १ (−५) | ३५ |
| मुठा | ३० | १ (+१०) | १ (−५) | ३५ |
| पवना | १० | १ (+१०) | ० | २० |
| इंद्रायणी | २० | १ (+१०) | ३ (−१५) | १५ |

टायब्रेकर: मुळा २, मुठा १. हे मार्क एकूणात मिळवायचे नाहीत, नंबर ठरवायला फक्त. मुळा पहिली, मुठा दुसरी.