कालमापन पद्धती: वाचनाचा सारांश तक्ता

रत्नागिरी अभ्यासगटासाठी, सोमवारच्या चर्चेआधी

प्रकरण लांबलचक आहे, पण वाचताना प्रत्येक पद्धतीला एकच प्रश्न विचारा: ही नेमक्या कोणत्या घटनेची तारीख सांगते? झाड तुटल्याची, मडकं भाजल्याची की वाळू गाडली गेल्याची? शेवटचा रकाना त्याच हिशोबाने भरलाय.

| पद्धत | कशावर चालते | किती मागे जाते | मर्यादा |
|---|---|---|---|
| थररचना | मातीचे थर, खापरं, नाणी | वर्षं मिळत नाहीत, फक्त आधी-नंतर | घुशींची बिळं, पाया खणताना उलटलेली माती. नाणं सापडलं तर थर त्या नाण्याआधीचा नाही, एवढंच ठरतं. |
| कार्बन-१४ | कोळसा, बिया, हाडं, शिंपले | सुमारे ५०,००० वर्षं | जीव मेल्याची तारीख, वस्तू वापरल्याची नव्हे. जुन्या झाडाच्या गाभ्याचा कोळसा चुलीपेक्षा जुना निघतो. कॅलिब्रेट केल्याशिवाय आकडा वापरू नये. ‘आजपासून’ म्हणजे १९५० पासून मागे. |
| थर्मोल्युमिनेसन्स | मडकी, विटा, भाजलेली माती | काही शतकं ते साधारण १ लाख वर्षं | शेवटचं तापणं मोजते. नंतर आग लागली असेल तर तीच तारीख येते. ५ ते १० टक्के चूक धरावी. मातीतली ओल हिशोबात धरावी लागते. |
| ओएसएल | वाळूतले क्वार्ट्झ, फेल्डस्पार | काही शतकं ते १–२ लाख वर्षं | कणांनी शेवटचा उजेड कधी पाहिला ते सांगते. नमुना उजेडात काढला की वाया. |
| पोटॅशियम-आर्गॉन | ज्वालामुखीचा खडक, राख | १ लाख वर्षांपलीकडे, कोट्यवधींपर्यंत | खडकाचं वय. त्यातून घडवलेल्या हत्याराचं नाही. |
| वृक्षवलयं | लाकूड | युरोपात सुमारे १२,००० वर्षं | त्या प्रदेशाची सलग मालिका हवी. |

आपल्याकडे सगळ्यात जपून वापरायचा तो शिंपला. समुद्राच्या पाण्यातला कार्बन हवेतल्या कार्बनपेक्षा जुना असतो, म्हणून कालवं-शिंपल्यांचं वय काही शतकांनी जास्त येतं. किनाऱ्यावरच्या एकाच खड्ड्यातून शिंपला आणि जळकी बी दोन्ही मिळाली, तर आधी बी पाठवावी.

आणि कातळशिल्पं? उक्षी, बारसू, कशेळी इथल्या सड्यांवर चित्रं जांभ्यात कोरली आहेत. कोरताना काही जळलं नाही, कोणता जीव मेला नाही. त्यामुळे तक्त्यातली एकही पद्धत रेषेला थेट लागू पडत नाही. खोबणीत साचलेल्या मातीला ओएसएल लावता येईल, पण त्यातून माती कधी साचली ते कळतं. शिल्प त्याहून जुनं, इतकंच म्हणता येतं. किती जुनं ते नाही. गेंड्यासारखे आज इथे नसलेले प्राणी कोरलेले आहेत, तो धागा मोलाचा, तरी त्याने वर्षाचा आकडा मिळत नाही. म्हणून जवळपास पुरलेल्या थरात दगडी हत्यारं सापडली, तर ती जागची हलवायची नाहीत: आधी थर नोंदवायचा, मग नमुना.