‘मला सगळं ऐकू येतं’ असं म्हणणाऱ्यांसाठी

आमच्या कानतपासणी केंद्राचं हे पत्रक तुम्ही मागितलेलं नाही. मुलीने किंवा सुनेने ते वर्तमानपत्राच्या घडीत घालून ठेवलं असणार, आणि ते तुम्हाला आवडलेलं नसणार. साहजिक आहे. तरी वाचा, अक्षर मुद्दाम मोठं ठेवलंय.

तुम्हाला ऐकू येतं, हे आम्हाला मान्य आहे. रिक्षाचा हॉर्न, देवळातली घंटा, वरच्या मजल्यावर सरकवलेली खुर्ची, सगळं येतं. अडतं ते बोलण्याशी. आवाज पोचतो, पण शब्द हाती लागत नाही. भाजीवाली वीस म्हणाली की तीस? फोनवर नंबर सांगतायत तो सहा की दहा? आणि नातीचं बोलणं तर अर्धं विरूनच जातं.

याचं कारण साधं आहे. कानाच्या आत, शंखासारख्या वळलेल्या भागात, आवाज टिपणाऱ्या बारीक पेशी असतात. वयाबरोबर त्या झिजतात आणि पुन्हा उगवत नाहीत. आधी झिजतात त्या वरच्या पट्टीचे आवाज टिपणाऱ्या. आ, ओ, ऊ हे स्वर भरदार, खालच्या पट्टीतले. ते शाबूत राहतात. स, श, फ, थ ही व्यंजनं बारीक असतात, ती गळतात. मग ‘साठ’ आणि ‘आठ’ यांत फरक उरत नाही. बायकांचे आणि लहान मुलांचे आवाज मुळातच वरच्या पट्टीतले, म्हणून मित्राशी गप्पा नीट होतात आणि नातीशी होत नाहीत. मालिकेतले नट पुटपुटतात ही तुमची तक्रारही अगदीच खोटी नाही. पण बातम्या देणारी मुलगीसुद्धा पुटपुटायला लागली असेल, तर मात्र विचार करा.

घरच्या घरी एक गोष्ट करून बघा. ताप मोजायचं डिजिटल थर्मामीटर काखेत धरा. ते शेवटी बारीक ‘पी-पी’ करतं. ‘हे वाजतच नाही, बिघडलंय’ म्हणून दुकानात परत न्यायला निघालेले गृहस्थ आम्ही पाहिलेत. बरोबरच्या नातवाला ते छान ऐकू येत होतं.

घरच्यांची तक्रार असते की, ‘हळू बोललं तर ऐकू येत नाही, मोठ्याने बोललं तर ओरडू नकोस म्हणतात.’ हा तुमचा हेकटपणा नाही. झिजलेल्या कानाला हळू आवाज पोचत नाही आणि मोठा आवाज एकदम बोचतो. मधली जागाच कमी झालेली असते. म्हणून ओरडण्याचा उपयोग होत नाही. समोर बसून, तोंड दिसेल असं, जरा सावकाश बोललं की होतो. एवढा परिच्छेद घरच्यांना वाचून दाखवा, हवं तर रागावून.

आमच्याकडे येणारे बहुतेक जण सांगतात की, आपण येतो ते घरच्यांच्या समाधानासाठी. चालेल. काही कबूल करायची अट नाही. पण ज्या युक्त्या तुम्ही करता, त्या आम्ही रोज पाहतो: सगळे हसले की हसायचं, ‘हो हो’ म्हणून मान हलवायची, फोन वाजला की बायकोच्या हातात द्यायचा, नाहीतर आपणच बोलत राहायचं म्हणजे कोणी काही विचारत नाही. हे निभावतं, पण दमवतं. लग्नाकार्यातून आल्यावर डोकं जड होतं ते त्यामुळेही. पुढे पुढे माणूस जायचंच टाळतो. कट्ट्यावरची जागा रिकामी दिसते, आणि लोक म्हणतात, हल्ली हे जरा विक्षिप्त झालेत. ऐकण्याचं यंत्र कानात दिसेल म्हणून लाज वाटते, पण भलतंच उत्तर दिलेलं यंत्रापेक्षा जास्त दिसतं.

आल्यावर आधी दुर्बिणीने कान बघतो. कित्येकदा मळाचा नुसता बोळा निघतो. तो कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून काढून घ्यायचा. यंत्राचं नावही निघत नाही. मळ नसेल तर शांत खोलीत हेडफोन लावून तपासणी होते. आवाज आला की बटण दाबायचं, मग काही शब्द परत म्हणून दाखवायचे. अर्धा-पाऊण तास लागतो, दुखत काही नाही. तपासणीचा आलेख आम्ही तुम्हाला समजावतो, बरोबर आलेल्या मुलाला नाही.

एक अपवाद. एका दिवसात अचानक ऐकू येईनासं झालं, एकाच कानाचं कमी झालं, कान वाहतोय किंवा चक्कर येतेय, तर आमची वाट न पाहता थेट डॉक्टरांकडे जा. अचानक गेलेल्या ऐकण्यावर पहिल्या काही दिवसांतले उपचार सर्वांत कामाचे असतात.

आता यंत्राबद्दल. ‘शेजाऱ्यांनी घेतलं, ते कपाटात पडलंय’ हे आम्हालाही माहीत आहे. ते बहुतेकदा तपासणी न करता घेतलेलं असतं, सगळेच आवाज सारखे वाढवणारं. त्यात बोलण्याआधी पंखाच ऐकू येतो. तुमच्या आलेखात जी पट्टी कमी आहे तेवढीच उचलायची, हे खरं काम. चष्म्याचं उदाहरण आम्ही देत नाही, कारण चष्मा लावला की लगेच दिसतं. इथे मेंदूला पुन्हा सवय व्हायला काही आठवडे जातात. पहिल्या दिवशी वर्तमानपत्राची घडी कडाडते, नळ कोसळतो, स्वतःचा आवाज डब्यात बोलल्यासारखा येतो. दिवसाला दोन-तीन तासांपासून सुरुवात करा, आधी घरात, एका माणसाशी. शिट्टी वाजली तर कानात नीट बसलेलं नाही किंवा मळ आहे. ते आम्ही बघू. तरुणपणीचे कान मात्र परत येत नाहीत, आणि डीजेच्या मांडवात कोणालाच काही ऐकू येत नाही.

बोटं थरथरत असतील तर इवलंसं, कानात लपणारं यंत्र मागू नका. कानामागे बसणारं, चार्जिंगचं घ्या. बारीक सेल बदलायची कटकट राहत नाही. पावसाळ्यात रात्री ते सिलिका जेलच्या डबीत ठेवायचं.

तपासणीचे 500 रुपये. यंत्रं एका कानासाठी 18,000 पासून सुरू होतात. महागातलं प्रत्येकाला लागतं असं नाही, दिवसभर घरात असणाऱ्याला तर नाहीच. सात दिवस घरी वापरून बघायला देतो. नाही पटलं तर परत करा, कारण विचारणार नाही. परवडत नसेल तर वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, तिथे जा. 65 वर्षं पूर्ण झाली असतील आणि घरचं वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असेल, तर मुख्यमंत्री वयोश्री योजनेत साधनांसाठी 3,000 रुपये एकदा खात्यात येतात. त्यात चांगलं यंत्र येत नाही, पण तेवढाच हातभार. अर्ज भरायला आमच्या इथली मुलगी मदत करेल.

आम्ही ठाण्यात नौपाड्यात आहोत, तळमजल्यावर, एकही पायरी नाही. सोमवार ते शनिवार, सकाळी 10 ते 1 आणि संध्याकाळी 5 ते 8. सकाळी गर्दी कमी असते. एकटे आलात तरी चालेल, घरी न सांगता आलात तरीही. जुने कानाचे कागद आणि चालू गोळ्यांची यादी बरोबर आणा. कपाटातलं ते यंत्र असेल, तर तेही घेऊन या.