शेवटच्या क्रेटचा बेदाणा उशिरा का वाळतो?

पोस्टर

इंटर्नशिप: बेदाणा शेड, तासगाव तालुका, जि. सांगली. बी.टेक. अन्न तंत्रज्ञान, तिसरे वर्ष.

प्रश्न: एकाच टाकीत बुडवलेले पहिले आणि तिसावे क्रेट सारखेच वाळतात का?

पद्धत: 200 लिटर पाण्यात 5 किलो पोटॅशियम कार्बोनेट, 3 लिटर डिपिंग ऑइल. थॉमसन द्राक्ष, 22 ब्रिक्सच्या पुढे. 20 किलोचे क्रेट 3 मिनिटे बुडवले. प्रत्येक नमुना 2 किलो, रॅकच्या तिसऱ्या थरावर, कडेच्या जाळ्या सोडून, कारण कडेला वारा जास्त लागतो. ओलावा व्हॅक्यूम ओव्हनमध्ये 70 अंशांना, 6 तास.

16 टक्के ओलाव्यापर्यंतचे दिवस (3 टाक्यांची सरासरी)
पहिले क्रेट: 13
तिसावे क्रेट, टाकीत फक्त पाणी वाढवून: 16
तिसावे क्रेट, त्याच प्रमाणाचे ताजे द्रावण वाढवून: 14

सामू: सुरुवातीला 11.1, तिसाव्या क्रेटनंतर 10.9.

मर्यादा: एकच हंगाम, एकच शेड. द्रावणातले तेल थेट मोजलेले नाही.

दोन मिनिटांचे सादरीकरण

नमस्कार. द्राक्षाच्या मण्यावर मेणाचा पातळ थर असतो, तो पाणी आत धरून ठेवतो. डिपिंग ऑइलमुळे या थरातून पाण्याला वाट मिळते, म्हणून मणी दोन आठवड्यांत वाळतो. कार्बोनेटमुळे तेल पाण्यात मिसळून राहतं.

शेडवर दर क्रेटसोबत थोडं द्रावण निथळून जातं. टाकीची पातळी उतरली की वरून पाणी ओततात. इथेच गडबड होते. आता हा तक्ता बघा: तिसावं क्रेट पहिल्यापेक्षा तीन दिवस उशिरा वाळलं. तीन दिवस म्हणजे तेवढा काळ जाळी अडकली, आणि मणी काळपट पडायला जास्त वेळ मिळाला.

आमचा पहिला संशय सामूवर होता. पण तो जेमतेम 0.2 ने उतरला, कारण कार्बोनेट भरपूर असतं आणि फुटलेल्या मण्यांचं आम्ल ते पचवतं. म्हणजे पट्टी बुडवून द्रावण चांगलं आहे असं ठरवलं, तर फसगत होते. द्रावणाचा दुधाळपणा मात्र डोळ्यांनी दिसण्याइतका कमी झाला होता. तेल मण्यांना चिकटून जातं आणि पाण्याने पातळही होतं, असा आमचा अंदाज आहे. तेल मोजलेलं नाही, त्यामुळे हा अंदाजच धरा.

मग पाण्याऐवजी त्याच प्रमाणाचं ताजं द्रावण वाढवलं, दर दहा क्रेटनंतर, आणि तळापासून ढवळलं. ढवळणं महत्त्वाचं, नाहीतर तेल वर तरंगतं आणि पुढच्या दोन-तीन क्रेटनाच सगळं मिळतं. फरक एका दिवसावर आला.

दोन बशा इथे ठेवल्या आहेत, डावीकडची पहिल्या क्रेटची, उजवीकडची तिसाव्याची. रंग बघून घ्या. तेल कसं मोजता येईल, यावर सूचना असतील तर त्या आधी ऐकायला आवडतील.