रोज क्रिकेटच का नाही?

बसा, बसा. गोल करून बसा, उन्हाकडे पाठ करा. बॅटी खाली ठेवा रे, आजची पहिली दहा मिनिटं माझी.

तुमचा अर्ज मिळाला. 'पीटीच्या तासाला रोज क्रिकेटच घ्यावे, ही नम्र विनंती', खाली सहावी 'ब'च्या सह्या. अक्षर सुंदर आहे. उत्तर 'नाही' असं आहे, पण का नाही ते तुम्हाला कळायला हवं, म्हणून आधी एक काम करा.

उठा सगळे. डाव्या पायावर उभे राहा, उजवा गुडघ्यात मुडपून मागे घ्या. आता डोळे मिटा. शेजाऱ्याचा खांदा धरायचा नाही! घोटा कसा थरथरतोय बघा, आत, बाहेर, परत आत. पोटरी भरून आली? तुम्ही पडू नये म्हणून घोट्याभोवतीचे आणि खुब्याजवळचे स्नायू आत्ता सारखे ओढाताण करतायत. उघडा डोळे, बसा. निम्मे तर पाचाच्या आत पाय टेकून मोकळे झाले, आणि त्यात आपले दोन सलामीचे फलंदाजही होते. लंगडी खेळणाऱ्या चौथीच्या मुलींना उभं करा, आरामात उभ्या राहतील. त्या स्नायूंना त्यांनी काम दिलंय, तुम्ही दिलेलं नाही. साधा हिशेब आहे: ज्या स्नायूला काम मिळतं तोच तयार होतो.

क्रिकेट वाईट नाही, मीही खेळतो. पण बॉलिंग टाकताना तोच खांदा, तीच कंबर, तोच पुढचा पाय. वाढत्या वयात बारा महिने नुसती फास्ट बॉलिंग टाकणाऱ्या मुलांच्या कमरेच्या मणक्याला बारीक चीर पडू शकते, मग कित्येक महिने खेळच बंद. आणि जो तिसऱ्या बॉलला आऊट होतो तो? तो लाँगऑनला उभा राहून गवत उपटतो. त्याचा कुठला स्नायू तयार झाला, सांगा बरं!

आता खो-खो बघा. उकिडवं बसलेलं असताना पाठीवर खो बसला की एका झटक्यात उठून सुसाट सुटायचं. एकदा एका बाजूला निघालात की मागे फिरता येत नाही, मधली पाटी ओलांडता येत नाही. म्हणजे पहिलं पाऊल पडायच्या आत डोक्याने ठरवायचं आणि मांडीने ते करून दाखवायचं. तुमच्या मांडीत दोन जातींचे तंतू असतात. एक जात जोरदार, पण पटकन दमणारी. दुसरी सावकाश, पण टिकणारी. खो मिळाल्यावरच्या झेपेला पहिली जात लागते, मैदानाला दमादमाने चार फेऱ्या मारताना दुसरी. एकच एक खेळलात तर एक जात आळशी राहते.

मल्लखांबाचं तर विचारूच नका. हाताची पकड, पाठ, पोट, मांडीची आतली बाजू, सगळं एकदम कामाला लागतं, आणि वर डोकं खाली करून कुठला हात कुठे आहे याचं भान ठेवायचं. जुने पैलवान कुस्तीच्या तयारीसाठी मल्लखांब करायचे, म्हणजे एका खेळातली ताकद दुसऱ्या खेळात वापरायचे.

लगोरीला हसू नका. धापा टाकत आलेला हात स्थिर ठेवून, समोरून चेंडू येत असताना फरशी फरशीवर नीट ठेवायची, ही कला आहे. दोरीवरच्या उड्यांनी हाडं भक्कम होतात, आणि तुमचं हे वय हाडं भरण्याचंच आहे. पोरगे म्हणतात दोरी मुलींची. मग शंभर मारून दाखवा, न अडखळता.

एलिस पेरी माहितीये ना? आपल्या सांगलीच्या स्मृती मानधनाच्या बेंगळुरू संघातून खेळलेली. ती ऑस्ट्रेलियाकडून क्रिकेटचा वर्ल्ड कप खेळली आणि 2011 मध्ये फुटबॉलचाही. एका खेळाने तिचा दुसरा खेळ बिघडला नाही.

तर वेळापत्रक असं: सोमवारी आणि शनिवारी क्रिकेट, ते कुणी काढून घेत नाही. मंगळवारी खो-खो, बुधवारी लंगडी आणि दोरी, गुरुवारी लगोरी, शुक्रवारी मल्लखांब, गादी टाकून आणि मी शेजारी उभा असतानाच. कुणाचा गुडघा, घोटा दुखत असेल तर लपवायचं नाही, मला सांगायचं.

आज मंगळवार. बॅटी खोलीत ठेवून या, बुटाच्या नाड्या बांधा. खिडकीकडच्या रांगेतले नऊ जण चढाईला, त्यातले आठ पाटीवर बसा, एक आड एक तोंडं विरुद्ध दिशेला. दाराकडच्या रांगेतले पहिले तीन पळायला आत. शिट्टी वाजेपर्यंत कुणी हलायचं नाही.