पाणी फुटलं तर: जिन्याखालचे तीन कॉक

आई-बाबा, हा कागद मोठ्या अक्षरात छापून आणलाय, म्हणजे चष्मा शोधत बसायला नको. एक प्रत जिन्याखाली कॉकच्या वर लॅमिनेट करून लावली आहे आणि दुसरी फोनच्या शेजारी. घाई असेल तर फक्त चौकटीतलं वाचा, बाकीचं सवडीने.

---

घरात कुठेही पाणी फुटलं तर

१. पाणी पुसू नका, पाइप धरून बसू नका. पायात रबरी चप्पल घाला आणि बाहेर जिन्याखाली या.

२. निळा, पिवळा, लाल, तिन्ही कॉकच्या दांड्या आडव्या करा. कुठला कशाचा याचा विचार करू नका. तिन्ही.

३. बाहेरच, पडवीत, मोटरचं बटण बंद करा.

४. फोनवर १ दाबून धरा. मी उचलते. मी उचलला नाही तर २, म्हणजे शेजारचे काका. मग ३, प्लंबर.

---

आता सविस्तर.

गेल्या आषाढात फ्लशच्या टाकीची नळी फुटली तेव्हा बाबांनी काही चुकीचं केलं नव्हतं. ते पावसात फाटकाजवळच्या मीटरचा कॉक बंद करायला गेले, आणि तो बंद करूनही पाणी अर्धा तास येत राहिलं. गोंधळ तिथेच आहे. आपल्या घरात पाणी दोन टप्प्यांत येतं. महापालिकेचं पाणी मीटरमधून हौदात पडतं, आणि हौदातलं मोटरने गच्चीवरच्या टाकीत चढतं. घरातल्या नळांना पाणी टाकीचं, मीटरचं नव्हे. त्यामुळे मीटरचा कॉक कितीही घट्ट फिरवला तरी वरचं हजार लिटर पाणी खाली यायचं थांबत नाही. मीटरचा कॉक फक्त एका वेळी लागतो: सकाळी पाणी आल्यावर हौद भरून वाहायला लागला आणि आतला फ्लोट अडकला असेल तेव्हा. तोसुद्धा जुना चाकाचा आहे, गंजलेला. हाताने फिरला तर फिरवा, नाही फिरला तर सोडून द्या. पान्याने जोर लावला की आतला दांडा तुटतो आणि मग वेगळंच दुखणं. हौदाचं पाणी वाहून अंगणातच जाणार, जाऊ दे.

टाकीच्या तोंडाशी गच्चीवरही कॉक आहेत, पण तुम्ही दोघांनी गच्चीवर जायचं नाही. पावसाळ्यात त्या जिन्यावर शेवाळं धरतं. म्हणून तर दिवाळीत हे तीन नवे कॉक खाली, कमरेच्या उंचीवर बसवून घेतले. आईला वाकायला लागत नाही, बाबांना स्टुलावर चढायला लागत नाही.

कॉक ओळखायचे कसे

जिन्याखाली सायकलच्या मागे भिंतीवर तीन पाइप आहेत. डावीकडून निळी दांडी स्वयंपाकघर, बेसिन आणि अंगणातल्या नळाची. मधली पिवळी दोन्ही बाथरूम, संडास आणि वॉशिंग मशीनची. उजवीकडची लाल सोलरच्या गरम पाण्याची. हा तिसरा विसरायचा नाही. पहिले दोन बंद करूनही बाथरूममध्ये पाणी येतच असेल तर ते गरम लाइनचं असतं, आणि ते भाजणारं असू शकतं. हात घालू नका.

दांडी पाइपाच्या दिशेने उभी असेल तर पाणी चालू. पाइपाला आडवी असेल तर बंद. एवढंच. हे कॉक पाव फेऱ्यात बंद होतात, जुन्यासारखं गरागरा फिरवावं लागत नाही. दांडी अडली तर तिच्यावर फडकं गुंडाळून दोन्ही हातांनी हळूहळू ओढा. कपडे धुवायच्या मोगरीने ठोकू नका. (बाबा, हे वाक्य तुमच्यासाठी आहे.)

सायकल कॉकच्या पुढे लावायची नाही. कुंड्याही नाहीत. आई, तुझी तुळशीची रोपं मी पायरीच्या दुसऱ्या बाजूला ठेवली आहेत. तिथे ऊनही जास्त मिळतं.

कॉक बंद केल्यावर

पाइपात उरलेलं पाणी थोडा वेळ गळत राहील, घाबरू नका. अंगणातला नळ सोडा, म्हणजे स्वयंपाकघराच्या लाइनमधलं पाणी तिकडे निघून जाईल. बाथरूमचं असेल तर बादलीवरचा खालचा नळ सोडा. पाच-दहा मिनिटांत धार थेंबांवर येईल. दहा मिनिटांनीही धार तशीच असेल तर तिन्ही दांड्या पुन्हा एकदा बघा, एखादी अर्धवट फिरली असेल.

बाहेरच्या भिंतीवरून उतरणारा पाइपच, कॉकच्या वर, फुटला तर खालचे कॉक त्याला रोखू शकत नाहीत. ते पाणी बाहेर पडतंय, पडू दे. मोटर बंद ठेवा आणि प्लंबरला बोलवा. टाकी रिकामी झाली तर दोन दिवस पाणी जपून वापरू, पण त्यासाठी कुणी गच्चीवर जायचं नाही.

विजेचं

पाणी नुसतं बाथरूममध्ये किंवा मोरीत असेल तर विजेला हात लावायची गरज नाही. पण पाणी छतातून, स्विचच्या बोर्डाजवळून, फ्रिजखाली किंवा वॉशिंग मशीनखाली येत असेल तर पडवीतला मेन स्विच खाली पाडा. हात कोरडे, चप्पल कोरडी, एकाच हाताने. पडवीच ओली असेल तर बोर्डाच्या जवळ जाऊ नका, फाटकाबाहेर थांबून फोन करा. महावितरणचा नंबर १९१२.

आणि इन्व्हर्टर. मेन स्विच पाडला तरी इन्व्हर्टर पंख्यांना, दिव्यांना आणि त्यांच्या प्लगना वीज देतच राहतो. तो हॉलच्या कोपऱ्यात जमिनीलगत आहे, म्हणजे पाणी आलं तर आधी तिथेच पोचणार. हॉलमध्ये पाणी साचलं असेल तर इन्व्हर्टर बंद करायला आत जाऊ नका. जिथे आहात तिथून जवळच्या कोरड्या दाराने बाहेर या. स्वयंपाकघरात असाल तर मागचं दार. पुढच्या खेपेला मी त्याला लाकडी स्टँड करून आणते, तोवर हे लक्षात ठेवा.

बाथरूममधला गिझर तुम्ही पावसाळ्यातच लावता, तरी त्याचं बटण बंद आहे ना ते कोरड्यातून बघता आलं तर बघा. टाकीत पाणी नसताना गिझर चालवायचा नाही आणि हौदात पाणी नसताना मोटर चालवायची नाही, दोन्ही जळतात.

रात्री बॅटरी जिन्याखालच्या खिळ्याला टांगलेली आहे. सेल मी बदलले आहेत. अंधारात घरातून पाण्यातून चालत जाऊ नका, आधी उशाजवळची बॅटरी लावा आणि बघून पाय टाका. फरशीवर पाणी आणि आईचा गुडघा, हे दोन्ही एकत्र नकोत. सोफा, गालिचा, पुस्तकांचं खालचं खण, सगळं भिजू दे. वाळवता येतं. कुणी पडलं, भाजलं किंवा शॉक लागला तर प्लंबर नंतर, आधी ११२. शॉक लागलेल्या माणसाला वीज बंद होईपर्यंत हात लावायचा नाही.

छोटं गळणं

प्रत्येक गळतीला तीन कॉक लागत नाहीत. फ्लशच्या टाकीखाली, बेसिनखाली आणि सिंकखाली भिंतीत छोटा चकचकीत अँगल कॉक आहे. तो घड्याळाच्या काट्यासारखा फिरवला की तेवढ्यापुरतं पाणी थांबतं. नळाचं टपकणं असेल तर खाली बादली लावा आणि प्लंबरला सकाळी सांगा. बाबा, सायकलची ट्यूब गुंडाळायची असेल तर गुंडाळा. मला माहितीये तुम्ही गुंडाळणारच, आणि खरं तर ती टिकतेही. पण आधी कॉक, मग ट्यूब. दाबाच्या पाण्यावर ती निसटते आणि तुम्ही तिथे ओले होऊन बसता.

गळणाऱ्या पाण्याला वास असेल, किंवा अंघोळ झाली की गळतं आणि एरवी थांबतं असं असेल, तर तो सांडपाण्याचा पाइप. त्याला कॉक नसतो. तिथला वापर थांबवा, दुसरं बाथरूम वापरा.

गच्चीच्या पन्हळीतून धो धो पाणी पडतंय पण पाऊस नाही, तर काही फुटलेलं नाही. मोटर चालू राहिली आहे. बटण बंद करा आणि मला हसायला फोन करा.

परत चालू करताना

प्लंबर असतानाच चालू करायचं. त्याला लाल दांडी शेवटी उघडायला सांगा. आधी एक नळ उघडा ठेवून दांडी हळूहळू उभी करा, नळातून फसफस हवा आणि गढूळ पाणी येईल. ते स्वच्छ झालं की नळ बंद. भिंतीतून, छतातून पाणी आलं असेल तर ती जागा आणि बोर्ड वायरमनने बघेपर्यंत मेन स्विच चालू करायचा नाही, भले एक रात्र उकाड्यात काढावी लागली तरी.

दर संकष्टीला

कॉक वापरले नाहीत की अडकतात. संकष्टीला चंद्रोदयाची वाट बघत तुम्ही पडवीत बसताच. त्या वेळी बाबांनी तिन्ही दांड्या एकदा आडव्या करायच्या, आईने आत जाऊन बेसिनचा, बाथरूमचा आणि गरम पाण्याचा नळ सोडून पाणी थांबलं का ते बघायचं, मग पुन्हा उभ्या. पाच मिनिटांचं काम. पुढच्या वेळी जागा बदला, आईने कॉक आणि बाबांनी नळ. घरात एकटं कुणीही असू शकतं. एखादी दांडी जड वाटली किंवा तिच्या बुडातून पाणी झिरपलं तर मला त्याच दिवशी सांगा.

कामाला येणाऱ्या मावशींना मी तिन्ही दांड्या दाखवल्या आहेत. त्यांनी दोन वेळा करूनही बघितलं. शेजारच्या काकांकडे फाटकाची जादा किल्ली आहे.

कपाटाच्या दाराला आतून लावलेला जुना कागद आता काढून टाका. त्यावर अजून गच्चीवरचाच कॉक लिहिलेला आहे.